सहा अक्षरांचा कोड पाठवलात, पण डाग म्हणजे दागिना कुठला ते सांगितलं नाही

B80QS5

एवढंच आलंय, मागे-पुढे काही नाही. पण सहा जागा, त्यात अक्षरं आणि आकडे मिसळलेले, मधे डॅश नाही की स्पेस नाही, असला कोड आमच्याकडं आला की मी पहिल्यांदा सोन्याचंच समजतो. कुपन असतं तर सोबत दुकानाचं किंवा अॅपचं नाव असतं, मशीनचा सिरीयल नंबर बहुतेक याहून लांब असतो. आणि आता लगीनसराई सुरू आहे, लोक भिंग घेऊन पाटल्या-अंगठ्यांच्या आत बघत बसलेत आणि जे दिसेल ते टाईप करून पाठवायलेत. तर हा हॉलमार्कचा कोड आहे असं धरूनच सांगतो, नसला तर पुढचं वाचू नका. आमचं घराणं बेळगावच्या शहापूरचं, वडिलांपासून सोनारकाम, मधली अकरा वर्षं मी हॉलमार्क सेंटरमधे मशीनवर होतो, आता परत आपल्या पेढीवर आहे. म्हणजे कोड मारायच्या बाजूनं पण बघितलंय आणि विकायच्या बाजूनं पण.

पहिलं म्हणजे तुम्ही टाईप केलेला कोड बरोबरच आहे असं समजू नका. तुमच्या सहापैकी सहाच्या सहा जागा गोंधळाच्या आहेत बघा, B आणि 8 एकमेकांसारखे, 0 आणि Q एकमेकांसारखे, वर O पण असू शकतो, S आणि 5 तर नुसत्या डोळ्याला एकच. अंगठीच्या आतल्या बाजूला हे एवढं बारीक असतं की चाळीशी लागलेल्या माणसानं मोबाईलचा टॉर्च मारून वाचायचं म्हणजे अंदाजच. दहा पटीचं भिंग घ्या, कुठल्याही घड्याळवाल्याकडं असतं, उजेड समोरून मारू नका, बाजूनं तिरका मारा म्हणजे अक्षराची रेघ सावलीत उठून दिसते. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं आधी धुवून घ्या, मळ बसला की 8 चा B होतो. मोत्याचा किंवा खड्याचा डाग असेल तर मात्र पाण्यात बुडवू नका, नुसतं ओल्या फडक्यानं पुसा.

मग BIS CARE हे अॅप, बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो, म्हणजे सरकारचंच आहे, फुकट आहे, त्यात Verify HUID म्हणून आहे, HUID म्हणजे हाच सहा अक्षरी कोड, तिथं तो टाकायचा. नाही मिळाला तर लगेच "खोटा, फसलो" म्हणून दुकानावर जाऊ नका, आधी B च्या जागी 8, शून्याच्या जागी O असं करून बघा. माझ्या बघण्यात "कोड मिळत नाही" म्हणून आलेल्या लोकांत वाचायची चूकच जास्त निघाली.

आता खरा मुद्दा. कोड मिळाला की लोकांचा जीव भांड्यात पडतो, अॅपमधे दुकानाचं नाव आलं, सेंटरचं नाव आलं, 22K916 म्हणजे 22 कॅरेट, हजारात 916 भाग सोनं असं आलं, झालं, सोनं खरं. असं नाही ते. अॅप तुम्हाला एवढंच सांगतं की या कोडाचा एक डाग अमुक सेंटरला अमुक तारखेला तपासला होता आणि तो पास झाला होता. तुमच्या हातातला डाग तोच आहे का, हे अॅप सांगत नाही, सांगू शकत पण नाही. गाडीची नंबरप्लेट दुसऱ्या गाडीला लावली तरी नंबर आरटीओत खराच दाखवतो की. तसंच हे. म्हणून नुसता कोड पाठवून "खरा का" असं विचारलं तर मला अर्धंच उत्तर देता येतं, डाग कुठला ते पाहिजेच.

हा कोड येतो कुठून ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं समजेल. सराफाकडं बीआयएसचं रजिस्ट्रेशन असतं, तो आपले नवीन डाग लॉट करून सेंटरला पाठवतो, कॉम्प्युटरवर नोंद होते किती बांगड्या, किती अंगठ्या, कुठल्या कॅरेटचं म्हणून पाठवलंय. सेंटरमधे वजन होतं, प्रत्येक डाग एक्सरे मशीनखाली जातो, आम्ही त्याला एक्सआरएफ म्हणतो, मिनिटभरात आकडा येतो. आणि लॉटमधनं नमुना घेऊन भट्टीची तपासणी होते, ती खरी तपासणी. साधारण पाव ग्रॅमचा तुकडा काढायचा, वजन करायचं, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचं आणि भट्टीत एका सच्छिद्र वाटीत ठेवायचं, त्याला क्युपेल म्हणतात. शिसं वितळताना तांबं आणि बाकीचा हलका धातू बरोबर घेऊन वाटीत मुरतं, वर उरतो सोनं-चांदीचा मणी. तो ठोकून, पातळ लाटून नायट्रिक अॅसिडमधे उकळायचा, चांदी विरघळून जाते, उरलं ते शुद्ध सोनं. ते परत तोलायचं. हे सगळं पास झालं की कॉम्प्युटर प्रत्येक डागाला वेगळा कोड देतो आणि तो लेसरनं मारला जातो. 2022 ला ठरलेल्या दरानं डागाला 45 रुपये आणि वर जीएसटी, असा खर्च. म्हणून कोणी "हॉलमार्कचं करून देतो, तोळ्याला हजार जास्त" म्हणालं तर समजायचं ते हॉलमार्कचे पैसे नाहीत. डाग दोन ग्रॅमचा असो नाहीतर पन्नास ग्रॅमचा, फी नगावर आहे, वजनावर नाही.

यातलं लक्षात ठेवायचं ते "प्रत्येक डागाला वेगळा". एक कोड, एक डाग. यावरनंच आमच्याकडं एक प्रकरण पकडलं गेलं, ते सविस्तर सांगतो.

दोन वर्षांखाली खानापूरच्या बाजूची एक मावशी आली, लेकीच्या लग्नाला घेतलेल्या पाटल्यांची जोडी घेऊन. वीस-वीस ग्रॅमच्या दोन, दुकानाचं नाव सांगत नाही आणि गावपण सांगत नाही. तक्रार काहीच नव्हती, एका पाटलीचा काठ थोडा उकललेला, डाक लावून म्हणजे सांधून द्या म्हणून आली होती. माझी सवय अशी की दुरुस्तीला घेताना मार्क लिहून घेतो, उद्या कोणी "तुम्ही बदलला" म्हणू नये. पहिल्या पाटलीचा कोड लिहिला, दुसरीचा लिहायला लागलो तर तोच. मला वाटलं मी चुकून परत पहिलीच उचलली. नाही, दोन्ही पाटल्यांवर एकच कोड. अॅपमधे टाकला तर व्यवस्थित मिळाला, दुकान तेच, 22K916, वस्तूच्या जागी बांगडी. म्हणजे मावशीनं घरी बसून एकच पाटली तपासली असती तर सगळं हिरवंगार दिसलं असतं.

मग भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवल्या. एकीवरचा मार्क सपाट, करडा, रेघ सगळीकडं सारख्या खोलीची, तो लेसरचा. दुसरीवरच्या अक्षरांच्या कडेला सोनं उचलून आलेलं, जसं मातीत काठीनं ओढल्यावर कडेला माती उठते तसं, आणि एक अक्षर थोडं तिरकं. ते हातानं ठोकलेलं होतं, पंच वापरून. सहा अक्षरी कोड लेसरनंच मारतात, पंचानं ठोकलेला दिसला की तिथंच थांबायचं. (बीआयएसचा त्रिकोणी लोगो पण त्या पाटलीवर जरा पसरट होता, पण ते मी कोड बघितल्यावर बघितलं, आधी बघितलं असतं तर कदाचित लक्षातपण आलं नसतं, खरं सांगतो.)

मावशीला मी म्हटलं दुरुस्ती नको, आधी सेंटरला जाऊया. तिथं एक्सआरएफवर ठेवली तर आकडा नव्वदच्या वरच आला. मावशी म्हणाली, "बघा, बरोबरच हाय की ओ." इथंच बरेच लोक फसतात. हे मशीन वरच्या थराचं सांगतं, केसाच्या जाडीपेक्षापण कमी थर. हलक्या सोन्यावर चांगल्या सोन्याचा मुलामा चढवला तर मशीन मुलाम्याचा आकडा सांगतं. मुलामा नसला तरी डाग अॅसिडमधे उकळून उजळताना वरचं तांबं निघून जातं आणि वरचा थर आतल्यापेक्षा चांगला दिसतो, हे तर प्रत्येक सोनाराला माहीत आहे. म्हणून आतल्या बाजूला, जिथं दिसणार नाही तिथं, कानशीनं थोडं घासलं आणि घासल्या जागेवर परत बघितलं. आता चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. मग मावशीच्या संमतीनं तुकडा काढून भट्टीची तपासणी केली, संमती लेखी घ्यावी लागते कारण डाग कापला जातो. निकाल आला 846, म्हणजे हजारात 846 भाग सोनं. पाहिजे होतं 916, आणि इथं खाली एक भागाचीपण सूट नाही.

हिशोब कसा करायचा ते बघा. 916 मधून 846 गेले, राहिले 70. म्हणजे हजारात 70 भाग कमी. पाटली 20 ग्रॅमची, तर 20 गुणिले 70 भागिले 1000, झालं 1.4 ग्रॅम शुद्ध सोनं कमी. हिशोबाला सोपं पडावं म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 धरू, तर फरक 14,000 रुपयांचा. आता बीआयएसचे 2018 चे नियम आहेत त्यात हॉलमार्कचा डाग कमी कसाचा निघाला तर गिऱ्हाइकाला फरकाच्या दुप्पट आणि वर तपासणीचा खर्च द्यायचा असं आहे. म्हणजे 28,000 आणि तपासणीची फी. पाटलीची पूर्ण किंमत दुप्पट मिळत नाही हां, फरकाच्या दुप्पट. यात लोकांचा फार गैरसमज आहे, दुकानात जाऊन "डबल पैसे द्या" म्हणून भांडत बसतात आणि खरी मिळायची रक्कम राहते बाजूला. आणि हे झालं कमी कसाचं, कोड खोटा ठोकणं हा वेगळा गुन्हाच आहे, त्याची तक्रार त्याच अॅपमधनं करता येते.

मावशीच्या केसमधे पुढं झालं असं की दुकानदार म्हणाला सेंटरनं चुकून मारला असेल, सेंटरच्या नोंदीत त्या कोडावर एकच बांगडी. मग दुकानदार शांत झाला, पाटली बदलून दिली, दुसरी कोड बघून दिली, आणि मावशीनं तक्रार केली नाही. लेकीच्या लग्नाच्या तोंडावर कोण कचेऱ्या झिजवणार. मला ते पटलं नाही, आजपण पटत नाही, कारण त्या ठोकलेल्या पंचाखाली आणखी कोणाकोणाच्या पाटल्या गेल्या असतील. पण घर त्यांचं, निर्णय त्यांचा. माझं एकच म्हणणं होतं की बदलून घ्यायच्या आधी तपासणीचा कागद आपल्या हातात ठेवायचा होता, तो तिनं दुकानदाराला देऊन टाकला.

आता तुमच्या डागावर परत येतो. कोड अॅपमधे मिळाला की तीन गोष्टी हातातल्या वस्तूशी जुळवा. एक, वस्तूचा प्रकार, तिथं अंगठी लिहिलंय आणि तुमच्या हातात चेन आहे तर विषय संपला. दुसरं, शुद्धता, डागावर 22K916 आहे आणि अॅपमधे 18K750 येतंय असं पण घडतं, आणि यात नेहमी लबाडीच असते असं नाही, अक्षर चुकून दुसऱ्याच डागाचा खरा कोड लागतो. तिसरं दुकान. अॅपमधलं दुकान आणि तुमच्या बिलावरचं दुकान वेगळं असलं तर घाबरू नका लगेच, होलसेलवाल्यानं हॉलमार्क करून घेतलेला माल छोटा दुकानदार विकतो, तेव्हा नाव होलसेलवाल्याचं येऊ शकतं. दुकानदाराला विचारा, खरा असेल तो सरळ सांगतो, "हा माल आम्ही अमुक ठिकाणाहून घेतला" म्हणून.

आणि एक आपल्या भागात हमखास विचारतात, कोल्हापूरला गुजरीच्या सराफ बाजारात घेतलं, राहायला आम्ही निपाणी किंवा बेळगावात, तर कोड इकडं चालतो का. चालतो की, बीआयएस देशाचं एकच, कर्नाटक आणि महाराष्ट्र असा यात फरक नाही, तपासणीपण तुम्ही इकडच्या मान्यता असलेल्या सेंटरला करून घेऊ शकता. सीमाप्रश्न सोन्याला लागू नाही एवढं तरी बरं.

कोड सापडतच नसेल तर त्याची पण कारणं आहेत. सहा अक्षरी कोड 1 जुलै 2021 पासून आला आणि 1 एप्रिल 2023 पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा म्हणून डाग विकता येत नाही. त्याआधीच्या डागांवर चार खुणा असायच्या, लोगो, कस, सेंटरची खूण आणि दुकानाची खूण. आईच्या मोहनमाळेवर कोड नाही म्हणजे ती खोटी असं नाही, आणि तुमच्याकडचं जुनं सोनं सोनार मोडीत घेऊ शकतो, कोड नसला तरी. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला, म्हणजे बारीक नथ, एखादा मणी, हॉलमार्कची सक्ती नाही. वर्षाला 40 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सोनाराला पण सूट आहे, म्हणून खेड्यातल्या सोनाराकडच्या डागावर काही नसलं तर तो चोर ठरत नाही, तिथं मग त्याच्या शब्दावर नाहीतर स्वतःच्या खर्चानं तपासणीवर जायचं. आणि "केडीएम आहे" म्हणून कोणी सांगितलं तर ते शुद्धतेचं सर्टिफिकेट नव्हे, ती डाकेत कॅडमियम घालायची पद्धत होती, त्याचा धूर सोनाराच्याच फुप्फुसात जायचा, आमच्या गल्लीतले दोन-तीन जुने कारागीर खोकतच गेले.

अंगठी मोठी-लहान करून घेतली असेल तर अजून एक बघा. सोनार अंगठी खालच्या बाजूला कापतो आणि मार्क बहुतेक तिथंच असतो, तर कापताना कोडाचं एखादं अक्षर जातं किंवा डाकेखाली बुजतं. तुमचा B80QS5 असल्या अंगठीवरनं वाचला असेल तर पाच अक्षरं खरी आणि एक अंदाजाचं असंही असू शकेल. कोपऱ्यात पिवळ्या रंगाची वेगळी छटा दिसते का बघा, तिथं डाक असते.

बिल जपून ठेवलंय ना? त्यावर वस्तूचं नाव, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचे पैसे वेगळे लिहिलेले पाहिजेत, मोघम "सोन्याचे दागिने, 4 तोळे" असं नाही. काही दुकानदार कोडपण लिहून देतात, नसेल तर मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खडे, लाख, काळे मणी यांचं वजन सोन्याच्या भावात धरलंय का तेही त्याच वेळी दिसतं. जुनी बिलं असतील तर तोळा 11.66 ग्रॅमचा धरलाय की 10 चा ते पण बघा, आजोबांच्या बिलात पहिला असतो आणि आजच्या बोलण्यात दुसरा, त्यावरनं भाऊबंदकीत भांडणं झालेली मी बघितलीत.

तर आता पुढचा निरोप टाकताना कोड परत भिंगानं वाचून टाका, डाग कुठला, वजन किती, कधी घेतला, कापून लहान-मोठा केलाय का ते लिहा, आणि फोटो नुसत्या मार्कचा नको, पूर्ण डागाचा एक आणि मार्कचा तिरक्या उजेडात जवळनं एक. बिलाचा फोटो टाकलात तर तुमचं नाव आणि फोन नंबर बोटानं झाकून टाका.